दातांची तार निघाली म्हणजे काम संपलं नाही! दात हाडातून सरकतो कसा आणि रिटेनर का लावायचा, समजून घ्या

दर महिन्याला तालुक्याच्या गावी फेरी, दीड-दोन वर्षं दातांना तार आणि हजारोंचा खर्च. एक दिवस तार निघते, दात एका ओळीत दिसतात आणि घरात सगळे खूश होतात. निघताना डॉक्टर एक प्लॅस्टिकची पट्टी हातात देतात आणि सांगतात, ही रोज लावायची. महिनाभर ती लागते, मग कपाटात जाऊन पडते. वर्षभरात पुढचा दात पुन्हा वाकडा व्हायला लागला की बोललं जातं, "डॉक्टरनं नीट काम केलं नाही, पैसे पाण्यात गेले."

पैसे पाण्यात जातात हे खरं, पण बऱ्याच वेळा कारण त्या कपाटात पडलेल्या पट्टीत असतं. तिला रिटेनर म्हणतात. ती का लावायची हे कळायचं असेल तर आधी दात हाडातून सरकतो कसा, हे बघावं लागेल. कारण दात तार सरकवत नाही. तार फक्त इशारा देते, काम आपलं शरीर करतं. आणि तार निघते त्या दिवशी शरीराचं काम अर्धवटच झालेलं असतं.

दात हाडात रोवलेला नसतो, टांगलेला असतो

आपल्याला वाटतं, खांब जसा सिमेंटात रोवतात तसा दात जबड्यात रोवलेला आहे. तसं नाही. दाताचं मूळ हाडातल्या खड्ड्यात असतं, पण मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये सुमारे पाव मिलिमीटरची जागा असते, म्हणजे वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतकी. या जागेत हजारो बारीक तंतू असतात. त्यांचं एक टोक मुळात आणि दुसरं हाडात घट्ट गेलेलं असतं. बाजेवर माणूस सुंभाच्या विणीवर पेललेला असतो, तसा दात या तंतूंवर पेललेला असतो.

तंतूंच्या मधून बारीक रक्तवाहिन्या जातात, पाणी असतं आणि जिवंत पेशी असतात. ज्वारीची भाकरी चावताना दातावर मोठा जोर येतो, पण तो क्षणभर असतो. तेवढ्यात हे पाणी गादीसारखं काम करतं आणि जोर गेला की सगळं जागेवर येतं. म्हणून आयुष्यभर चावूनही दात सरकत नाही. पण जोर थोडासाच असला आणि तो तासन्‌तास एकाच दिशेनं राहिला, तर पेशींना वेगळा निरोप मिळतो.

दुसरी गोष्ट, हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. शरीर रोज जुनं हाड थोडं खरवडतं आणि नवं भरतं. मोडलेला हात जुळतो तो याच कामामुळे. दात सरकतो तोही याच कामामुळे.

एक उदाहरण घेऊ

समजा चौदा वर्षांची मुलगी आहे. वरचे पुढचे दात बरेच पुढे आलेत, ओठ नीट मिटत नाहीत. ऑर्थोडॉन्टिस्टनं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरनं, तपासून ठरवलं की दोन्ही बाजूंचा सुळ्यामागचा एकेक दात काढायचा. सगळ्यांनाच दात काढावे लागतात असं नाही, पण या मुलीला जागा पाहिजे म्हणून काढले. दोन्हीकडे सुमारे ७ मिलिमीटरची जागा झाली. आता आधी सुळा मागं न्यायचा आणि मग पुढचे चार दात.

सुळा मागं ओढायला डॉक्टर बारीक स्प्रिंग किंवा रबर लावतात. त्याचा जोर किती असतो? साधारण १०० ग्रॅम. हातात जो मोबाईल धरून तुम्ही हे वाचताय, त्याच्या निम्म्या वजनाइतका. एवढ्याशा जोरानं जबड्याच्या हाडातून दात सरकतो, कारण वाट हाडच करून देतं.

दाबाच्या बाजूला: हाड खाल्लं जातं

सुळा मागं ओढला की मुळाची मागची बाजू हाडाकडे दाबली जाते. पहिल्या काही सेकंदांत त्या बाजूचं पाणी बाजूला सरतं आणि तंतू चेपतात. रक्तवाहिन्या थोड्या दबतात, रक्त कमी येतं. काही मिनिटांतच तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं आणि तशी इतर रसायनं सोडायला लागतात. जोर सतत राहिला तर सुमारे चार तासांत पेशींच्या आत बदल सुरू होतात. साधारण दोन दिवसांनी तिथं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात. त्यांचं शास्त्रीय नाव ऑस्टिओक्लास्ट.

ही पेशी हाडाला चिकटते आणि तिच्याखाली आम्ल सोडते. आम्लानं हाडातलं कॅल्शियमचं खनिज विरघळतं. मग उरलेला प्रथिनांचा सांगाडा ती पाचकरसांनी तोडते. अशा पुष्कळ पेशी मिळून मुळाच्या मागची हाडाची भिंत हळूहळू खरवडून काढतात आणि मुळाला मागं सरकायला जागा होते.

ताणाच्या बाजूला: हाड भरलं जातं

त्याच वेळी मुळाच्या पुढच्या बाजूला उलटं चाललेलं असतं. दात मागं गेला म्हणून तिथली जागा रुंद झाली आणि तंतू ताणले गेले. ताण बसला की तिथल्या पेशींना निरोप जातो, इथं भर घाला. मग हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आधी मऊ प्रथिनांचा थर टाकतात आणि नंतर त्यात कॅल्शियमचं खनिज बसत जातं.

ओढ्याचं वळण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. पाणी एक काठ कापत जातं आणि समोरच्या काठाला गाळ साचत जातो. काही वर्षांनी बघावं तर ओढा पहिल्या जागेपासून सरकलेला असतो. दाताचा खड्डाही तसाच सरकतो. एका काठाला हाड कापलं जातं, दुसऱ्या काठाला भरलं जातं.

पण ओढ्याचा नवा गाळ लगेच पाय रोवण्याइतका घट्ट नसतो. इथंही तेच आहे. हाड खाण्याचं काम आठवड्यांत होतं, पण भरून पक्कं व्हायला महिने लागतात. खाणं पुढं आणि भरणं मागं, असा हिशेब उपचारभर चालू असतो. म्हणून तार असताना दात थोडे हलतात. थोडं हलणं हे दात सरकत असल्याचंच लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

"जोरात आवळा, लवकर होऊ द्या" असं का म्हणू नये

दवाखान्यात बऱ्याच जणांची ही मागणी असते. फेऱ्या वाचाव्यात, भाडं वाचावं, म्हणून ती समजण्यासारखीही आहे. पण इथं जास्त जोर म्हणजे जास्त वेग असं होत नाही, उलट काम अडतं.

जोर फार झाला की दाबाच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या पूर्ण बंद होतात. रक्त नाही म्हणजे त्या जागेतल्या पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा दिसतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे पहिल्यांदा नीट दाखवलं. हाड खाणाऱ्या पेशी जिवंत जागेतूनच येतात. मेलेल्या जागेत त्या येणार कुठून? मग शेजारच्या हाडाच्या पोकळीतून, मागच्या दारानं, हाड पोखरायला सुरुवात होते. त्यात एक ते दोन आठवडे जातात. तोवर दात जागचा हलत नाही आणि दुखतो मात्र जास्त. भिंत आतून पोखरून पडली की दात एकदम पुढं जातो.

शिवाय फार जोर फार दिवस राहिला तर दाताचं मूळच टोकाकडून झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो. थोडी झीज पुष्कळ जणांत होते आणि तिचा त्रास होत नाही. पण झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. म्हणून उपचाराच्या मध्ये डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, तो टाळू नये.

दुखण्याचंही एक वेळापत्रक आहे. तार आवळल्यावर काही तासांनी दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी जास्त असतं आणि आठवड्याच्या आत कमी होतं. आठवडा उलटूनही एकच दात ठणकत असेल किंवा फारच हलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावं.

महिन्याला एक मिलिमीटर

आता आपल्या उदाहरणातल्या मुलीचा हिशेब करू. पहिले काही महिने दात एका रेषेत आणण्यात जातात. मग सुळा ओढायला सुरुवात होते. चांगला चाललेला सुळा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. कुणाचा कमी, कुणाचा थोडा जास्त.

जागा ७ मिलिमीटरची असली तरी सगळी सुळ्याला मिळत नाही. सुळा ज्या दाढेला बांधून ओढतात, ती दाढही थोडी पुढं सरकते. दोघांनी दोरी ओढली की जड माणूसही इंचभर सरकतोच, तसं. समजा दाढेनं २ मिलिमीटर घेतले, तर सुळ्याला ५ मिलिमीटर जायचंय, म्हणजे पाच-सहा महिने. नंतर पुढचे चार दात मागं घ्यायला आणखी काही महिने. शेवटी बारीकसारीक जुळवाजुळव. सगळं मिळून दोन वर्षांच्या आसपास.

डॉक्टर चार ते सहा आठवड्यांनीच का बोलावतात, हेही यातून कळतं. एकदा जोर दिला की हाड खायला, भरायला आणि तंतूंना सावरायला तेवढा वेळ लागतो. लवकर जाऊन पुन्हा आवळण्यात फायदा नाही. पण पेरणी, लग्नसराई करत तीन-तीन महिने फेरी चुकली तर जोर संपून जातो आणि दात नुसता थांबून राहतो.

घरी लावायला रबर दिले असतील तर त्यांचंही गणित हेच आहे. दिवसातले काही तास सलग जोर राहिल्याशिवाय पेशींचं काम सुरूच होत नाही. शाळेतून आल्यावर तासभर रबर लावले, तर ते न लावल्यासारखंच.

तार निघाली त्या दिवशी आत काय असतं?

बाहेरून दात सरळ दिसतात. आत मात्र स्थिती वेगळी असते. मुळाभोवतीची जागा नेहमीपेक्षा रुंद झालेली, तंतू विस्कटलेले आणि भरलेलं नवं हाड अजून कच्चं. दात परत मागच्या जागी नेणाऱ्या तीन गोष्टी तिथं टपून बसलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे मुळाभोवतीचे तंतू. तार असेपर्यंत दात एकमेकांना बांधलेले असतात. तार निघाल्यावर प्रत्येक दात चावताना स्वतंत्र हलायला लागतो, आणि त्यानंतरच या तंतूंची वीण नव्यानं नीट बसते. त्याला तीन ते चार महिने लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हिरडीतले तंतू, आणि हे फार चिवट असतात. हाडाच्या वर, हिरडीच्या आत, दाताला वेढून जाणारे हे तंतू काही ठिकाणी एका दातापासून शेजारच्या दातापर्यंत गेलेले असतात. दात वळवून सरळ केला की ते ताणलेल्या रबरासारखे राहतात. हाड खाऊन भरता येतं, पण हे तंतू हाडात नसतात, त्यामुळे ते लवकर बदलत नाहीत. नॉर्वेच्या कारे रायटन यांनी कुत्र्यांचे दात वळवून तिथंच धरून ठेवले होते. २३२ दिवसांनी पाहिलं तरी हिरडीतले तंतू ताणलेलेच होते. म्हणजे साडेसात महिने झाले तरी ओढ संपली नव्हती. माणसातही यातल्या लवचिक तंतूंना वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून आधी वळलेला, तिरका असलेला दात सगळ्यात आधी पलटी खातो. फार वळलेल्या दाताभोवतीचे हे तंतू डॉक्टर कधी कधी छोट्या शस्त्रक्रियेनं कापतात. ते नव्यानं जुळतात तेव्हा नव्या जागेप्रमाणे जुळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ओठ, गाल, जीभ आणि वय. यांचा हलका दाब रात्रंदिवस चालू असतो. मूल वाढत असेल तर जबडाही बदलत असतो. मोठेपणीही खालचे पुढचे दात हळूहळू गर्दी करतात. ज्यांनी कधी तार लावली नाही त्यांचेही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात काढून उपचार झालेल्या लोकांना रिटेनर बंद झाल्यावर वर्षानुवर्षं तपासलं. दहा वर्षांनी खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले लोक एक तृतीयांशाहूनही कमी होते आणि वीस वर्षांनी दहात एक. हे निष्कर्ष १९८० च्या दशकात आले. तेव्हापासून रिटेनर अनेक वर्षं, शक्य तर कायम रात्री लावावा, या मताला जोर मिळाला.

रिटेनर कसा वापरायचा

रिटेनर दात सरकवत नाही. तो दाताला नव्या जागी धरून ठेवतो, तोवर हाड पिकतं आणि तंतू नव्यानं विणले जातात. नव्या लावलेल्या आंब्याच्या कलमाला काठी बांधतो, तेच हे काम. मूळ धरायच्या आत काठी काढली तर झाड कललंच म्हणून समजा.

रिटेनर तीन प्रकारचे मिळतात. एक, टाळूला बसणारी गुलाबी किंवा रंगीत प्लेट आणि पुढून तार. दोन, दातांवर टोपीसारखा बसणारा पारदर्शक रिटेनर. तीन, दातांच्या आतल्या बाजूनं चिकटवलेली बारीक तार, जी काढता येत नाही. कोणता द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. काढता येणारा असेल तर साधारण पद्धत अशी असते: पहिले तीन ते सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, नंतर किमान वर्षभर रोज रात्री आणि पुढं डॉक्टर सांगतील तितके दिवस रात्री.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची तार सोळाव्या वर्षी निघाली असं धरू. तिची वाढ अजून चालू आहे. म्हणून वर्ष झालं तरी तिनं रात्रीचा रिटेनर सोडू नये.

दात परत सरकतोय हे आरशाच्या आधी रिटेनर सांगतो. दोन रात्री न लावता तिसऱ्या रात्री लावला आणि घट्ट लागला, तर त्या दोन रात्रींत दात किंचित हलले. तो अजून पूर्ण बसत असेल तर पुन्हा नियमानं लावा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. बसतच नसेल तर दाबून बसवू नका, आठवड्याच्या आत दाखवा. नवा रिटेनर करून घेणं पुन्हा तार बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. चिकटवलेली तार एखाद्या दाताजवळून सुटली तरी दुखत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही. जीभ फिरवून अधूनमधून तपासत जा.

रिटेनर गरम पाण्यानं धुवू नका. पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात वाकडा होतो आणि मग तोच दातांना चुकीच्या दिशेनं दाबतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की खरकट्याबरोबर जातो, म्हणून डबीतच ठेवा. उघड्यावर ठेवला तर कुत्रं पळवतं, हेही लक्षात असू द्या.

या गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका

दात सरकायचा तर भोवतीचं हाड आणि हिरडी निरोगी पाहिजे. हिरडीतून रक्त येत असेल, पू येत असेल, तर आधी तो इलाज करावा लागतो. नाहीतर तार लावल्यावर हाड खाल्लं जातं आणि भरलं जात नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी हिरड्यांची हानी होते, ते खरं सांगा. साखर वाढलेली असेल तर सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना बिस्फॉस्फोनेट गटातल्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर तार लावण्याआधी किंवा दात काढण्याआधी ते सांगायलाच पाहिजे. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींनाच थोपवतात, त्यामुळे दात सरकत नाही आणि दात काढलेली जागा भरायलाही अडचण येऊ शकते.

दुखलं की मेडिकलमधून मनानं आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणून रोज घेऊ नका. त्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, आणि दाबाच्या बाजूला हाडाचं काम सुरू करायला तेच लागतं. एखाद-दुसऱ्या गोळीनं फरक पडत नाही, रोज घेतल्या तर पडू शकतो. कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांनाच विचारा. बहुतेक जण पॅरासिटामॉल सांगतात.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या दोन दातांतली फट बुजवायला घरच्या घरी साधं रबर बांधायचे प्रकार मोबाईलवर दिसतात. ते अजिबात करू नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे रबर घसरत घसरत हिरडीच्या आत मुळावर चढतं. बाहेरून दिसत नाही, पण आत तंतू आणि हाड नष्ट होत जातं. दात हलायला लागतो तेव्हा कळतं आणि तोवर चांगले दोन दात हातचे गेलेले असू शकतात. दात सरकवायला जोर थोडाच लागतो, पण तो कुठं, किती आणि कधी थांबवायचा हे ज्याला कळतं त्याच्याच हातात तो असला पाहिजे.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या दातांबाबतचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)